‘कृपया मीठ दे’ असं आपण का म्हणत नाही?

मी भाषांतराचं काम करते. त्यात पुस्तकं कमी, मोबाइलच्या पडद्यावर दिसणाऱ्या ओळी जास्त. मध्यंतरी पैसे पाठवायच्या एका अ‍ॅपचा मराठी खर्डा माझ्याकडे तपासायला आला. ‘कृपया आपला पासवर्ड प्रविष्ट करा.’ ‘कृपया प्रतीक्षा करा.’ ‘क्षमस्व, काहीतरी चुकीचे घडले.’ व्याकरणात कुठेही बोट ठेवायला जागा नव्हती, आणि सभ्यपणा तर ओतू जात होता. तरी मोठ्याने वाचलं की काउंटरमागचा माणूस मान वर न करता बोलतोय असं वाटायचं.

त्याच दुपारी आई बाहेर पडताना मला म्हणाली, “येते गं मी. तेवढं दार लावून घे, मांजर शिरतं मग.”

यात ‘प्लीज’ नाही, ‘कृपया’ नाही. रूप तर चक्क हुकमाचं आहे, ‘घे’. तरी मला हुकूम सोडल्यासारखं वाटलं नाही. मराठी माणूस प्लीज-सॉरी म्हणत नाही म्हणजे तो उद्धट, असं अधूनमधून ऐकू येतं. कधी कधी आपलीच मुलं परदेशातून आल्यावर तसं म्हणतात. आईच्या त्या एका वाक्याचे टाके उसवून पाहिले तर सौजन्य कुठे शिवलेलं आहे ते दिसतं.

‘तेवढं’पासून सुरुवात करू. तेवढं म्हणजे केवढं? काही मोजमाप नाही. काम लहान आहे, तुला फार तोशीस नाही, एवढंच त्याने कळतं. ‘जरा’ हेच करतो: “जरा सरकता का?” किती सरकायचं हे त्यात नसतं. मग ‘लावून घे’. नुसतं ‘दार लाव’ म्हटलं असतं तरी दार लागलंच असतं. पण ‘घेणे’ जोडलं की काम करणाऱ्याच्या स्वतःच्या सोयीचं होतं. जेवून घे, झोपून घे, लिहून घे. उलट ‘लिहून दे’ म्हटलं की फायदा दुसऱ्याचा. म्हणजे आईने आपलं काम सांगताना ते माझं करून सांगितलं. ‘गं’ने नातं जवळ ओढलं. शेवटी कारण जोडलं, मांजर. हुकूम सोडणाऱ्याला कारण द्यावं लागत नाही, विनंती करणारा ते देतो.

आणि ‘जाते’ऐवजी ‘येते’ म्हणाली, पण तो वेगळा विषय.

आता ‘कृपया’कडे. हा शब्द संस्कृत ‘कृपा’ची तृतीया आहे, ‘कृपेने’. इंग्रजी ‘प्लीज’सुद्धा मुळात सुटा शब्द नव्हता. ‘इफ इट प्लीज यू’, म्हणजे ‘तुमची मर्जी असेल तर’, अशा आख्ख्या वाक्याचं ते उरलेलं शेपूट आहे. इंग्रजांनी ते शेपूट इतकं वापरलं की ते मिठासारखं कशावरही भुरभुरता येऊ लागलं. आपल्याकडे ‘कृपया’ पाटीवर, अर्जात आणि ध्वनिक्षेपकावरच राहिलं, जेवणाच्या पानापर्यंत कधी पोचलंच नाही. म्हणून ‘कृपया मीठ दे’ कानाला खटकतं. ‘कृपया’ने तीन पावलं मागे सरकायचं आणि ‘दे’ने गळ्यात हात टाकायचा, हे एका वाक्यात जमत नाही.

मग मराठीत मागे सरकायचं असेल तर कसं सरकायचं? हे काम क्रियापद करतं, आणि ते करण्याची त्याची रीत मला फार आवडते.

‘घे’ आणि ‘घ्या’ ही आज्ञार्थाची रूपं. दोन्ही समोरच्याकडे थेट बघतात, एक ‘तू’कडे आणि दुसरं ‘तुम्ही’कडे. चहा घ्या, कॉफी घ्या, सरबत घ्या. वस्तू बदलली तरी क्रियापद हलत नाही, कारण त्याचं लक्ष माणसावर आहे. आता विध्यर्थ बघा. आपण चहा घ्यावा, आपण कॉफी घ्यावी, आपण सरबत घ्यावं. इथे क्रियापद चहाप्रमाणे, कॉफीप्रमाणे बदलतंय. त्याने माणसावरची नजर काढून वस्तूवर नेली. ‘आपण यावे’ यात वस्तूच नाही, तर ते कुणाकडेच बघत नाही, नपुंसकलिंगी एकवचनात खाली मान घालून उभं राहतं. मोठ्या माणसाच्या डोळ्याला डोळा न भिडवण्याची जी रीत आपल्याकडे होती, तीच इथे व्याकरणात आहे असं मला वाटतं. वाटतं म्हणते, कारण हे सिद्ध करायचं ठरवलं तर माझी पंचाईत होईल. पण लग्नपत्रिकेतलं ‘अगत्य येण्याचे करावे’ आठवा. ‘या’ नाही, ‘यावे’ही नाही, ‘येण्याचे करावे’. माणसापासून दोन खोल्या पलीकडे उभं राहून दिलेलं आमंत्रण.

हिंदीत ही तिसरी पायरी रोजच्या बोलण्यात आहे: दे, दो, दीजिए. मराठीत रोजच्या वापरात दोनच, दे आणि द्या. ‘द्यावे’ ठेवणीतलं. त्यामुळे मराठी माणूस हिंदी बोलताना ‘तुम्ही’चं सरळ ‘तुम’ करतो आणि एखाद्या वयस्कर गृहस्थांना “तुम बैठो ना” म्हणून मोकळा होतो. त्याच्या मते त्याने आदरच दाखवलेला असतो. ऐकणाऱ्याला वाटतं, काय हा माणूस.

नजर वळवण्याचा हा प्रकार घरगुती बोलण्यात जास्त बारकाईने चालतो. शेजारच्या घरातला एक नेहमीचा प्रसंग घेऊ. संध्याकाळी सातला दारात वाटी घेऊन एक मुलगी उभी.

“काकू, थोडं विरजण मिळेल का? आमचं दही आज अगदीच आंबट झालंय हो.”

“अगं घेऊन जा की! विचारतेस काय?”

“वाटी उद्या आणून देते.”

‘विरजण द्या’ असं ती म्हणाली नाही. ‘द्याल का’ असंही नाही. ‘मिळेल का’ म्हणाली. ‘देणे’ला देणारा लागतो, ‘मिळणे’ला लागत नाही. पाऊस पडेल का, गाडी मिळेल का, तसं विरजण मिळेल का. या प्रश्नात काकू कुठेच नाहीत, आणि त्यातच खरी सोय आहे. काकूंना द्यायचं नसेल, किंवा उरलेलं चमचाभर स्वतःला लागणार असेल, तर त्याही तशाच बिनमाणसाचं उत्तर देऊ शकतात: “अगं, आजच संपलं बघ.” कुणी नकार दिला नाही, कुणाचा शब्द खाली पडला नाही. प्रश्न ‘द्याल का’ असा असता तर उत्तर ‘देणार नाही’पाशी जाऊन अडलं असतं.

याला मराठीत एक नेमका शब्द आहे, भीड. मागणारा माणूस समोरच्याला भिडेत पाडतो, आणि सभ्य मागणं म्हणजे ही भीड जमेल तेवढी कमी करणं. पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन या दोन अभ्यासकांनी 1978 मध्ये सौजन्याचा एक सिद्धान्त मांडला. त्यासाठी त्यांनी इंग्रजीबरोबर तमिळ आणि मेक्सिकोतल्या त्सेल्ताल भाषेतलं बोलणं तपासलं होतं. त्यांच्या मांडणीचा गाभा असा की माणसाला दोन गोष्टी हव्या असतात: आपल्याला कुणी आपलं म्हणावं, आणि आपल्यावर कुणी लादू नये. कोणतीही विनंती दुसरीला धक्का लावते, म्हणून बोलणारा एकतर जवळीक वाढवतो किंवा अंतर राखतो. मराठीला हे वेगळं शिकवायला नको. काकूंना मारलेली हाक आणि ‘हो’ जवळ नेतात, ‘मिळेल का’ अंतर राखतं. दहा-बारा शब्दांत दोन्ही साधलं.

वाटी दुसऱ्या दिवशी परत गेली ती रिकामी नाही, दोन लाडू घालून गेली. ‘थँक्यू’ कुठे गेलं असं विचारणाऱ्याने वाटीत बघावं.

भूतकाळही याच कामाला येतो. “तुमच्याकडे जरा काम होतं.” काम आत्ता आहे, पण सांगताना ‘होतं’. “दोन मिनिटं बोलायचं होतं.” गरज भूतकाळात ढकलली की ती जुनी, थंड, टाळता येण्यासारखी वाटते. समोरचा “आत्ता जरा गडबडीत आहे” म्हणाला तरी चालेल, गोष्ट होती म्हणून सांगितली, एवढंच. भविष्यकाळातलं ‘द्याल का’ सौम्य आहे, पण ‘देणार का’ मात्र सांभाळून. त्यात दमाची धार येते: “पैसे परत देणार का नाही?” अलीकडे ऑफिसांत ‘देऊ शकाल का’ रुळलंय. ते चूक नाही, पण मला ऐकताना नेहमी वाटतं की माझ्या इच्छेबद्दल नाही, ताकदीबद्दल चौकशी चाललीय.

आता सूर. ‘दे ना’ हे दोन शब्द कागदावर नेहमी सारखेच दिसतात. ‘ना’ लांबवून वर नेला की लाडीगोडी: “दे नाऽ.” तोच आखूड करून खाली आपटला की वैताग: “दे ना!” ‘दे की’चं तसंच. पुण्या-मुंबईकडे त्यात ‘अजून का दिलं नाहीस’ अशी टोचणी असू शकते. कोल्हापुरात मात्र ‘या की’, ‘बसा की’, ‘जेवा की’ म्हणजे उघड्या दाराचं आगत. नागपूरकडे ‘बसा जी’. डॉक्टर पेशंटला “तोंड उघडा बघू” म्हणतात. त्या ‘बघू’ने पन्नाशीच्या माणसाचंही क्षणभर लहान मूल होतं, आणि त्याला त्याचा राग येत नाही. हेच ‘बघू’ ऑफिसात लावून पाहा, “ती फाईल आणा बघू”, आणि समोरच्याचा चेहरा वाचा.

एक जागा अशी आहे जिथे मवाळ बोलणंच उद्धटपणाचं ठरतं. पंगतीत वाढणारा “लाडू घ्याल का?” असं हळूच विचारून पुढे गेला तर लोक घरी जाऊन त्याचीच चर्चा करतात. तिथे “घ्या हो, घ्या! एक तरी घ्याच!” असा दांडगा आज्ञार्थच लागतो. कारण फायदा खाणाऱ्याचा आहे. भीड मागणाऱ्याने बाळगायची असते, देणाऱ्याने नाही. म्हणून ज्या कामात ऐकणाऱ्याचं भलं आहे त्याला मराठीत सरळ हुकूम चालतो, बसा, जेवा, सावकाश जा, पोचल्यावर फोन करा. ज्यात बोलणाऱ्याचं भलं आहे तिथे क्रियापदाला वाकावं लागतं. अ‍ॅपच्या त्या ओळी तपासताना मला पुढे हाच धागा उपयोगी पडला.

माफीकडे वळताना गंमत उलटी होते.

विनंतीत समोरच्या माणसावरून नजर काढणं सभ्य ठरतं. माफी मागताना स्वतःवरून नजर काढली तर तो पळपुटेपणा होतो, आणि त्यासाठी लागणारी सगळी हत्यारं मराठीत हाताशी तयार असतात. लोणच्याची बरणी घ्या. “मी बरणी फोडली” असं सहसा कुणी म्हणत नाही, कारण ‘फोडणे’त मुद्दाम केल्याचा वास आहे. “बरणी फुटली” म्हटलं की कुणीच काही केलं नाही, बरणीच्या मनात आलं आणि ती फुटली. या दोन्हींच्या मधे एक वाक्य आहे: “माझ्या हातून बरणी फुटली.” क्रियापद ‘फुटणे’च, म्हणजे हेतू नव्हता. पण ‘माझ्या हातून’ म्हणजे जबाबदारी माझी. इंग्रजीत “आय ब्रोक द जार” म्हटल्यावर हेतू नव्हता हे सांगायला मागून ‘सॉरी’ जोडावं लागतं. मराठीत ते काम वाक्याच्या बांधणीनेच केलं. त्यावर थोडं थांबून “चुकलंच माझं” म्हटलं की माफी पुरी झाली, ‘सॉरी’ला जागाच उरत नाही.

तुटणे-तोडणे, फाटणे-फाडणे, सुटणे-सोडणे अशा सगळ्या जोड्यांत हे करता येतं. ‘सांडणे’ मात्र लबाड आहे. “दूध सांडलं” यातून आपोआप सांडलं की कुणी सांडलं ते कळत नाही, आणि घराघरातली मुलं या गैरसोयीचा पुरेपूर उपयोग करतात.

याहून बारीक छटा जोडक्रियापदात मिळते. “मी तिला बोलले” ही बातमी. “बोलून गेले” म्हणजे भरात निघून गेलं, ठरवून नव्हतं. “बोलून बसले” म्हणजे आता पस्तावतेय, पण उपाय नाही. ‘बसणे’ इथे खुर्चीवर बसण्याचं नाही, करून ठेवल्यावर मागे उरलेल्या हताशपणाचं आहे. “मी काल तुला नको ते बोलून बसले” यात माफीचा एकही शब्द नाही, तरी ऐकणाऱ्या मराठी माणसाला ती माफी वाटतेच. “फोन करायचा राहूनच गेला बघा” मात्र अर्धवट. त्यात ‘मी’ शोधून सापडत नाही. समोरच्याला माफी पटली नाही आणि का ते कळत नसेल, तर आपल्या वाक्यात ‘मी’, ‘माझं’, ‘माझ्याकडून’ यांतलं काही होतं का ते आठवून बघावं. बहुतेक वेळा तिथेच गळती असते.

रस्ता खोदून ठेवलेला असतो तिथली ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व’ ही पाटी याच कारणाने कुणाला शांत करत नाही. गैरसोय कुणी केली हे त्यात नाही. शिवाय ‘क्षमस्व’ म्हणजे काय? संस्कृतातलं आज्ञार्थी रूप, द्वितीय पुरुष, एकवचन: ‘तू क्षमा कर’. म्हणजे महापालिका आपल्याला अरेतुरे करत हुकूम सोडतेय. आज कुणाच्या मनात तो अर्थ येत नाही हे खरं, पण मला तरी ते कळल्यापासून पाटी वाचताना हसू येतं.

नजर वळवणारं रूप दरवेळी नम्रच असतं असंही नाही. ‘येथे गाडी लावू नये. लावल्यास हवा सोडली जाईल.’ रूप बघाल तर विध्यर्थ आणि कर्मणी, दोन्ही अति सभ्य. गाडी कुणी लावू नये ते नाही, हवा कोण सोडणार तेही नाही. अंतर राखणारं व्याकरण रागाच्या माणसाने उचललं की ते असं बर्फाचं होतं. पुणेरी पाटीची सगळी मजा याच फटीत आहे. त्यापेक्षा “ओ, इथे गाडी लावू नका हो” हे किती प्रेमळ वाटतं.

या सगळ्या पद्धतीची एक बाजू मला खुपते. क्रियापदातलं सौजन्य माणसाची पायरी बघून ठरतं. साहेबांना ‘द्याल का’ आणि पन्नाशीच्या भाजीवालीला ‘दे गं लवकर’. ‘तू’ स्वतः वाईट नाही, आईला आणि देवाला आपण तूच म्हणतो. पण ते ‘तू’ आणि हे ‘तू’ एक नाही. ‘प्लीज’ निदान सगळ्यांना सारखंच लागतं. आणि ‘आपल्या माणसांत कसलं सॉरी’ हे वाक्य घरात नेमकं कोण म्हणतं ते पाहिलं, तर बहुतेकदा ज्याने सॉरी म्हणायला हवं होतं तोच.

दुसरी अडचण अलीकडची. व्हॉट्सअ‍ॅपवर सूर जात नाही. “फाईल पाठव” हे समोर बसून म्हटलं तर काहीच नाही, पडद्यावर वाचलं की थोबाडीत बसते. मग माणसं ‘प्लीज’ लावतात, हात जोडलेलं चित्र टाकतात. ते इंग्रजीचं वेड आहे असं मला वाटत नाही. सूर हरवला, त्याच्या जागी ठिगळ लावलं. ठिगळ नको असेल तर ‘जरा’, ‘तेवढी’ आणि प्रश्न हे तिन्ही लिहिता येतातच: “तेवढी कालची फाईल पाठवतोस का जरा?”

अ‍ॅपचा खर्डा मी याच हिशोबाने पुन्हा केला. पासवर्ड टाकण्यात वापरणाऱ्याचंच काम होणार होतं, म्हणून पंगतीतला न्याय लावून नुसतं ‘पासवर्ड टाका’. ‘कृपया प्रतीक्षा करा’चं ‘थोडं थांबा, पैसे जात आहेत’ झालं, ‘थोडं’ आणि कारण, आईच्या वाक्यासारखं. ‘क्षमस्व, काहीतरी चुकीचे घडले’ या ओळीवर सगळ्यात जास्त वेळ गेला. शेवटी लिहिलं, ‘पैसे गेले नाहीत. आमच्याकडून अडचण आली आहे. थोड्या वेळाने पुन्हा करून बघा.’ ‘आमच्याकडून’ हा शब्द ठेवायचा की नाही यावर दोन दिवस फोनाफोनी झाली.

अभिप्राय मागायची ओळ तेवढी वेगळी होती. तिथे गरज अ‍ॅपवाल्यांची होती, वापरणाऱ्याची नव्हती. म्हणून लिहिलं, ‘दोन मिनिटं असतील तर अ‍ॅप कसं वाटलं ते सांगाल का?’ खर्डा मंजूर होऊन आला तेव्हा बाकी सगळं तसंच होतं. फक्त या ओळीच्या सुरुवातीला कुणीतरी ‘कृपया’ चिकटवलं होतं, आणि ‘आमच्याकडून’ गायब होतं.